केळीचा चेक वापस आला: रावेर तालुक्यातील एक प्रकरण आणि कायदेविषयक माहिती देणारा चॅटबॉट

(या प्रकरणातील कुटुंब आणि व्यापारी यांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. रकमा आणि तारखा थोड्या बदलल्या आहेत, पण दिवसांचे अंतर तेच ठेवले आहे, कारण सगळा प्रश्न त्या अंतराचाच आहे.)

पार्श्वभूमी

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळीचा व्यवहार बराचसा शब्दावर चालतो. व्यापारी बागेत येऊन घड पाहतो, बोर्डाच्या भावावरून थोडे खाली-वर करून दर ठरतो, बाग कापली जाते, ट्रक भरतो आणि काट्याची पावती शेतकऱ्याच्या हातात येते. थोडे पैसे तिथल्या तिथे मिळतात. राहिलेल्या रकमेसाठी पुढच्या तारखेचा चेक दिला जातो. बहुतेक चेक वटतात. जो वटत नाही त्याचे काय करायचे, हे मात्र गावात प्रत्येक जण वेगळे सांगतो.

जळगाव जिल्ह्यातील आमच्या छोट्या गटाने अशा प्रश्नांसाठी व्हॉट्सॲपवर मराठीतून कायद्याची माहिती देणारा चॅटबॉट चालवला आहे. त्याची रचना साधी आहे. वकिलांनी लिहिलेली आणि तपासलेली टिपणे आमच्याकडे आहेत: फेरफार, वाटणी, पोटगी, चेक न वटणे, ग्राहक तक्रार असे विषय. भाषेचे मॉडेल आलेला प्रश्न समजून घेते, जुळणारी टिपणे शोधते आणि त्यांतून सलग उत्तर तयार करते. टिपणाबाहेरचे काही सांगायचे नाही, अशी त्याला सूचना आहे. आणखी एक नियम पहिल्या दिवसापासून आहे: संकल्पना समजावायची, पण माणसाच्या स्वतःच्या प्रकरणात निष्कर्ष काढायचा नाही. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाप्रमाणे वकिली करण्याचा अधिकार नोंदणीकृत वकिलांनाच आहे. आणि ज्याने कागद पाहिलेला नाही, त्याने कागदावर मत देऊ नये, ही साधी गोष्टही त्यामागे आहे.

या गटात टिपणांचा मजकूर आणि झालेले संवाद पाहण्याचे काम माझ्याकडे आहे. एकाच माणसाने एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, की तो संवाद आपोआप पाहणीच्या यादीत येतो. हे प्रकरण असेच समोर आले.

घटनाक्रम

रावेर तालुक्यातील एका शेतकऱ्याची केळी सप्टेंबरच्या शेवटी कापली गेली. १८० क्विंटल माल, १,४५० रुपये भाव, एकूण २,६१,००० रुपये. व्यापारी परराज्यातला. त्याने ६१,००० रुपये लगेच दिले आणि बाकीच्या २,००,००० रुपयांचा १३ ऑक्टोबर तारखेचा चेक दिला. चेक १४ ऑक्टोबरला रावेरच्या शाखेत भरला. १५ ऑक्टोबरला शेतकऱ्याच्या मोबाइलवर बँकेचा संदेश आला, की चेक परत गेला. पण परत आलेला चेक आणि त्यासोबतचा बँकेचा मेमो त्यांनी शाखेतून घेतला तो २२ ऑक्टोबरला. मेमोवर कारण होते, खात्यात पुरेशी रक्कम नाही.

व्यापाऱ्याला फोन केला. तो गोड बोलला. दिवाळीत पैसे अडकलेत, १ डिसेंबरला हाच चेक पुन्हा टाका, नक्की वटेल, असे म्हणाला. शेतकऱ्याने विश्वास ठेवला. तालुक्यात कॉलेजला जाणाऱ्या त्याच्या मुलीला मात्र शंका होती. तिने १० नोव्हेंबरला संध्याकाळी चॅटबॉटला लिहिले: "आबांचा दोन लाखांचा चेक वापस आला. व्यापारी बाहेरचा आहे. केस करता येते का?"

तिला मिळालेले उत्तर चुकीचे नव्हते. परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ चे कलम १३८ काय आहे, हे त्यात नीट सांगितले होते. देण्यासाठी दिलेला चेक खात्यात पैसे नसल्याने परत आला, तर चेक देणाऱ्यावर फौजदारी तक्रार करता येते. त्याआधी, चेक परत गेल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस देऊन रक्कम मागावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस असतात. त्या मुदतीत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल करायची असते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तक्रार कुठे करायची तेही उत्तरात होते: ज्या शाखेत आपले खाते आहे आणि त्या खात्यात चेक भरला, तिथल्या न्यायालयात. म्हणजे व्यापारी कुठलाही असो, रावेरच्या खात्यात भरलेल्या चेकची तक्रार रावेरला. या एका वाक्याचा कुटुंबाला मोठा आधार वाटला, कारण दुसऱ्या राज्यात हेलपाटे घालावे लागतील या धास्तीनेच आबा केसचे नाव काढत नव्हते.

उत्तराच्या शेवटी आणखी एक परिच्छेद होता. चेक त्याच्या तारखेपासून तीन महिने वैध असतो, आणि त्या काळात तो पुन्हा भरता येतो. पुन्हा परत आला तर त्या वेळेपासून नोटिशीची मुदत नव्याने सुरू होते. हेही बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २०१२ मध्ये एमएसआर लेदर्सच्या प्रकरणात तसे स्पष्ट केले आहे. त्याखाली नेहमीची ओळ: ही सर्वसाधारण माहिती आहे, सल्ल्यासाठी वकिलांना भेटा.

मुलीने लगेच विचारले, "आमची शेवटची तारीख कोणती?" चॅटबॉटने नियमाप्रमाणे सांगितले, की तुमच्या प्रकरणातील मुदत मी ठरवू शकत नाही, वकिलांना विचारा. तिने तोच प्रश्न तारखा घालून पुन्हा लिहिला. पुन्हा तेच उत्तर. मग तिने लिहिले: "ठीक आहे. चेक परत टाकता येतो म्हणजे घाई नाही. डिसेंबरमध्ये टाकून बघू."

अडचण नेमकी कुठे होती

दुसऱ्या दिवशी सकाळी हा संवाद वाचताना शेवटच्या ओळीवर मी थांबले. उत्तरातले एकेक वाक्य कायद्याला धरून होते, तरी सगळे मिळून त्या मुलीपर्यंत पोचले ते एवढेच, की थांबायला हरकत नाही. आणि व्यापारीही तेच सांगत होता.

याचे तांत्रिक कारण शोधायला फार वेळ लागला नाही. नोटिशीची मुदत हे एक टिपण होते आणि चेक पुन्हा भरणे हे दुसरे. दोन्ही वेगवेगळ्या वेळी लिहिलेली. मॉडेलने दोन्ही शोधून एकापुढे एक ठेवली. पहिल्या टिपणात घाई होती, दुसऱ्यात सवलत. आणि माणसाच्या लक्षात राहते ते शेवटी वाचलेले. अशा चॅटबॉटमध्ये खोटे वाक्य पकडणे त्या मानाने सोपे असते, कारण ते टिपणात सापडत नाही. खरी वाक्ये जवळजवळ आल्याने होणारी दिशाभूल टिपणाशी ताडून सापडत नाही. ती सापडते वापरणाऱ्याच्या पुढच्या वाक्यात. म्हणून "म्हणजे मग…" असे सुरू होणारे संदेश आता आम्ही वेगळे काढून वाचतो.

दुसरी अडचण मर्यादा सांगण्याच्या पद्धतीची. "वकिलांना भेटा" हे वाक्य प्रत्येक उत्तराखाली सारखेच येत होते, पोटगीच्या प्रश्नाखालीही आणि चेकच्या प्रश्नाखालीही. कधीपर्यंत भेटा, कोणते कागद घेऊन भेटा आणि भेटलो नाही तर नेमके काय बिघडू शकते, यातले काहीच त्यात नव्हते. सगळीकडे सारखीच असलेली सूचना कोणी वाचत नाही.

आणि तिचा प्रश्न खरेच अवघड होता. ३० दिवस मोजायचे कुठून? मोबाइलवर संदेश आला त्या १५ ऑक्टोबरपासून, की मेमो हातात आला त्या २२ ऑक्टोबरपासून? कायद्याचे शब्द आहेत, बँकेकडून माहिती मिळाल्यापासून. तो दिवस सोडून मोजले, तर पहिल्या हिशेबाने मुदत १४ नोव्हेंबरला संपते, दुसऱ्याने २१ नोव्हेंबरला. न्यायालयात कोणती तारीख टिकेल हा वकिलाचा विषय आहे. पण हातात चार दिवस आहेत की अकरा, हे त्या घराला त्याच संध्याकाळी कळायला हवे होते. तक्रार दाखल करायला उशीर झाला, तर सबळ कारण दाखवून न्यायालयाकडे माफी मागता येते. नोटिशीच्या ३० दिवसांना कायद्यात तशी सोय नाही.

समोर असलेले पर्याय

सकाळी आम्ही तिघांनी बसून बोललो: मी, तांत्रिक बाजू पाहणारा सहकारी आणि टिपणे तपासणाऱ्या वकिलांपैकी एक. पहिला विचार अर्थातच त्या घराचा होता, पण त्यासोबत चॅटबॉटचे काय करायचे हेही ठरवायचे होते, कारण केळीच्या हंगामात असे प्रश्न येत राहणार.

एक पर्याय होता तारीख सरळ सांगण्याचा. सहकाऱ्याचे म्हणणे होते, की मॉडेलला मोजायला लावू नये, ते दिवस मोजताना चुकते. पण साधा प्रोग्रॅम ३० दिवस कधीच चुकणार नाही. मोजणीबद्दल तो बरोबर होता. पण मोजणी सुरू करायची तारीख कोणती, हाच इथे कायद्याचा प्रश्न होता. चॅटबॉटने २१ नोव्हेंबर सांगितली आणि पुढे व्यापाऱ्याच्या वकिलाने संदेशाची तारीख दाखवली, तर ते नुकसान भरून निघणारे नव्हते. मोबाइलवर तारीख ठसठशीत दिसली, की माणूस ती पक्की धरतो. खाली कितीही सूचना लिहिल्या तरी.

दुसरा पर्याय नोटिशीचा नमुना देण्याचा. नोटीस वकिलानेच पाठवली पाहिजे असे कायदा म्हणत नाही. चेक ज्याच्या नावे आहे तो स्वतः लेखी मागणी करू शकतो. चार दिवस उरले असताना हा मार्ग मोहात पाडणारा होता. आमच्या वकिलांनी त्याला ठाम विरोध केला. शेतकरी नोटीस लिहायला बसला, की चेकच्या रकमेत व्याज, भाडे, हमाली सगळे मिळवून एकच आकडा टाकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये कावेरी प्लास्टिक्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की नोटिशीत मागितलेली रक्कम चेकच्या रकमेशी जुळली पाहिजे. टंकलेखनातली चूक होती असे म्हणून भागत नाही. नमुना दिला असता तर तो कसा भरला जाईल यावर आमचा ताबा राहिला नसता.

तिसरा पर्याय, चेक पुन्हा भरता येतो ही माहितीच काढून टाकण्याचा. यावर आमचे एकमत झाले नाही. सहकाऱ्याला ती काढावी असे वाटत होते. मला ते पटले नाही आणि आजही पटत नाही. ज्याचे ३० दिवस खरेच उलटून गेले आहेत आणि चेकची तीन महिन्यांची वैधता शिल्लक आहे, त्याच्यासाठी हा शेवटचा दरवाजा असू शकतो. घाबरून माहिती लपवली, तर चॅटबॉट निरुपद्रवी दिसेल, पण तो माणूस हातात वैध चेक घेऊन बसून राहील.

उरला तो मधला मार्ग: निष्कर्ष न काढता हिशेब दाखवायचा, आणि कोणती गोष्ट या उत्तराला उलटे करू शकते ते स्पष्ट सांगायचे.

काय केले

त्या कुटुंबाला फोन करण्याची परवानगी आमच्याकडे नव्हती. "आमच्या कार्यकर्त्याने फोन केला तर चालेल का?" हा प्रश्न चॅटबॉट संवादाच्या अगदी शेवटी विचारत असे, आणि मुलगी तिथपर्यंत पोचलीच नव्हती. नंबर समोर दिसत होता, पण माणसाने माहिती विचारायला दिलेला नंबर फोन करायला वापरायचा नाही हे आमचे ठरलेले आहे. म्हणून त्याच संवादात एका माणसाने लिहिलेला संदेश पाठवला: तुमच्या प्रश्नात मुदतीचा भाग आहे, तो डिसेंबरपर्यंत थांबू शकेल असे गृहीत धरू नका, फोनवर बोलायला चालेल का? तासाभरात होकार आला.

फोनवर कार्यकर्तीने सल्ला दिला नाही. बँकेने कोणत्याही मार्गाने सगळ्यात आधी कधी कळवले, एवढे विचारले. मुलीने संदेश उघडून पाहिला: १५ ऑक्टोबर. आज किती दिवस झाले ते तिनेच बोटांवर मोजले. सत्तावीस. मग आबांनी फोन घेतला. "ताई, व्यापारी तर म्हणतो पुन्हा टाका," एवढेच ते म्हणाले. त्यांना सांगितले, की टाकायचा की नाही हे वकिलांना चेक दाखवून ठरवा, आणि ते आज किंवा उद्याच. सोबत नेण्याचे कागदही सांगितले: मूळ चेक, मेमो, बँकेच्या संदेशाचा फोटो, काट्याची पावती, खाते उतारा.

जायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. चॅटबॉट कोणा वकिलाचे नाव सुचवत नाही. वकिलांना जाहिरातीची मनाई आहे आणि आम्ही एखाद्याकडे माणसे पाठवू लागलो तर ती जाहिरातच होईल. तो सांगतो ते सरकारी दरवाजे: तालुका न्यायालयातील विधी सेवा समिती, जळगावचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि १५१०० ही हेल्पलाइन. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि आणखी काही गटांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा लागते, महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख रुपये. चेक आबांच्या नावे होता, त्यामुळे उत्पन्नाचा प्रश्न आलाच. ११ तारखेला दुपारी ते समितीच्या कार्यालयात गेले. अर्ज देता आला असता, पण उत्पन्नाचा दाखला हाताशी नव्हता आणि दाखला काढण्यातच मुदत गेली असती. मग न्यायालयाच्या आवारातल्याच वकील संघाच्या खोलीत जाऊन त्यांनी फी देऊन एका वकील मॅडमना कागद दाखवले.

मॅडमनी दोन गोष्टी विचारल्या, ज्या चॅटबॉटने विचारल्या नव्हत्या. पहिली, खाते कोणाचे आहे? चेकवर व्यापाऱ्याच्या नावाऐवजी त्याच्या फर्मचे नाव होते, त्यामुळे नोटीस कोणाकोणाच्या नावे काढायची हे बदलले. दुसरी, "चेक दिल्यानंतर काही पैसे आलेत का?"

आले होते. २७ ऑक्टोबरला व्यापाऱ्याने मोबाइलवरून २५,००० रुपये टाकले होते. घरात ते त्याच्या चांगुलपणाचे लक्षण मानले गेले होते, म्हणून कोणी बोललेच नव्हते.

इथे हे प्रकरण पूर्ण उलगडते. ऑक्टोबर २०२२ मध्ये दशरथभाई त्रिकमभाई पटेल विरुद्ध हितेश महेंद्रभाई पटेल या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की चेक लिहून दिल्यानंतर काही रक्कम मिळाली, आणि चेकवर तशी नोंद न करता तो पूर्ण रकमेसाठी बँकेत भरला, तर त्या दिवशी चेकवरची रक्कम प्रत्यक्ष येणे असलेल्या रकमेइतकी नसते. मग कलम १३८ चा गुन्हा उभा राहत नाही. १४ ऑक्टोबरला चेक भरला तेव्हा पूर्ण दोन लाख येणे होते, त्यामुळे पहिल्या वेळची बाजू भक्कम होती. १ डिसेंबरला तोच चेक तसाच भरला असता तर येणे पावणेदोन लाख आणि चेक दोन लाखांचा. तोवर पहिली ३० दिवसांची मुदतही उलटून गेलेली. व्यापाऱ्याने हे ठरवून केले की नकळत, ते सांगता येत नाही. पण त्याच्या सल्ल्याप्रमाणे वागले असते, तर फौजदारी तक्रारीचे दोन्ही मार्ग धोक्यात आले असते. उरला असता तो तीन वर्षांच्या मुदतीतला दिवाणी वसुलीचा दावा.

म्हणजे "चेक पुन्हा भरता येतो" ही शंभर जणांसाठी खरी असलेली माहिती या एका घरासाठी घातक होती, आणि ती घातक ठरवणारी नोंद होती खाते उताऱ्यातली एक ओळ. चॅटबॉटला ती दिसण्याचा काही मार्ग नव्हता. वकिलाला दिसली, कारण तिने कागद मागितले.

निष्पत्ती

नोटीस १३ नोव्हेंबरला रावेरहून स्पीड पोस्टाने गेली. दोन्ही हिशेबांनी मुदतीच्या आत. त्यात चेकची रक्कम जशीच्या तशी लिहिली होती आणि मिळालेल्या पंचवीस हजारांचा उल्लेख वेगळा होता. हा मसुदा मॅडमच्या निर्णयाचा भाग आहे. असा उल्लेख कसा करावा हे आम्ही टिपणात घातलेले नाही, घालणारही नाही.

व्यापाऱ्याला ती १७ नोव्हेंबरला मिळाली. १५ दिवस २ डिसेंबरला पूर्ण झाले. त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी तो चेक पुन्हा टाकायला सांगत होता त्याच दिवशी, त्याने एक लाख रुपये पाठवले. बाकी ७५,००० साठी पुन्हा मुदत मागितली. या वेळी आबांनी मॅडमना विचारूनच उत्तर दिले. तक्रार डिसेंबरमध्ये रावेरच्या न्यायालयात दाखल झाली आणि हे लिहीपर्यंत प्रलंबित आहे. कलम १३८ चे गुन्हे तडजोडीने मिटू शकतात, आणि व्यापाऱ्याच्या बाजूने तशी बोलणी सुरू झाली आहेत.

चॅटबॉटमध्ये तीन बदल झाले. नोटिशीची मुदत आणि चेक पुन्हा भरणे ही टिपणे आता एकच आहेत, आणि पुन्हा भरण्याचे वाक्य अर्धवट पैशांच्या वाक्याशिवाय बाहेर पडूच शकत नाही. मॉडेलला तो तुकडा अखंड मिळतो आणि तो बदलण्याची मुभा नाही. दुसरे, चेकचा प्रश्न आला की आधी दोन प्रश्न विचारले जातात: बँकेने कोणत्याही मार्गाने पहिल्यांदा कधी कळवले, आणि चेक दिल्यानंतर थोडेही पैसे आले का. तिसरा बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेवटची तारीख न सांगता चॅटबॉट आता झालेले दिवस सांगतो. ती मोजणी साधा प्रोग्रॅम करतो. आता जाणारा मजकूर असा आहे:

"तुम्ही दिलेल्या तारखेपासून आज २६ दिवस झाले आहेत. नोटिशीसाठी कायद्याने ३० दिवस दिले आहेत. मोजणी कोणत्या दिवसापासून धरायची यावर वाद होऊ शकतो, म्हणून सर्वांत आधीची तारीख धरून चला आणि आज किंवा उद्या वकिलांना भेटा. तुम्हाला चेकनंतर काही पैसे मिळाले आहेत असे तुम्ही सांगितले. अशा वेळी चेक पुन्हा भरल्याने तुमची बाजू कमकुवत होऊ शकते. वकिलांना विचारल्याशिवाय भरू नका. हे उत्तर तुमचे कागद न पाहता दिलेले आहे."

किती दिवस झाले, हे कॅलेंडर सांगते. त्यात कायद्याचा निष्कर्ष नाही. पण सव्वीस आणि तीस हे आकडे शेजारी दिसले, की कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

वेगळे काय करता आले असते

परवानगीचा प्रश्न संवादाच्या सुरुवातीला असता, तर १० तारखेच्या संध्याकाळीच फोन झाला असता. आता तो दुसऱ्याच संदेशात येतो. नको म्हणणारेही आहेत, आणि त्यांना पुन्हा विचारले जात नाही.

मोफत मदतीबद्दलचा मजकूरही पुन्हा लिहायला हवा होता. विधी सेवा समितीचा पत्ता देणे योग्यच, पण मुदत जवळ असेल तेव्हा अर्जाला कागद लागतात आणि वेळ जातो, हे सोबत सांगायला हवे. आबांची एक दुपार त्यात गेली. चार दिवसांतली एक दुपार ही थोडी नाही. आता चॅटबॉट उत्पन्नाचा दाखला हाताशी आहे का ते आधी विचारतो, आणि दिवस कमी असतील तर समितीत जाताना वकील संघाकडेही चौकशी करा असे सांगतो.

खाते फर्मचे की व्यक्तीचे, हा प्रश्न चॅटबॉटने विचारावा का, यावर आमची चर्चा अजून चालू आहे. विचारला तर उत्तर काय द्यायचे? फर्म असेल तर कोणाकोणाला नोटीस द्यायची हे भागीदारीच्या कागदांवर, सहीवर आणि व्यवहार कोणी केला यावर ठरते. प्रश्न विचारून उत्तर न देणे माणसाला गोंधळात टाकते. तूर्त आम्ही त्याला वकिलांना दाखवायच्या गोष्टींच्या यादीत ठेवले आहे: चेकवर छापलेले नाव आणि सही दाखवा. आमच्या वकिलांना हे पुरेसे वाटते. मला वाटते, की एक प्रश्न तरी विचारावा, कारण व्यापाऱ्याचे नाव आणि चेकवरचे नाव वेगळे आहे हे अनेक शेतकऱ्यांच्या लक्षातच आलेले नसते. पुढच्या केळी हंगामाआधी यावर निर्णय घ्यायचा आहे.